सरोगसीला बंदी हवी की नको ते नंतर ठरवा, आधी त्या बाळाचे आई-बाप कोण ते सांगा

मागच्या महिन्यात नागपुरात धंतोलीतल्या एका हॉलमध्ये चर्चा होती. विषय असा की परदेशात जाऊन सरोगसी करणाऱ्या भारतीय जोडप्यांना सरकारनं रोखायचं का. हॉल भरला होता, डॉक्टर होते, वकील होते, दोन-तीन सामाजिक संस्थांच्या ताई होत्या. एका बाजूचं म्हणणं होतं की हा गरीब बाईच्या गर्भाशयाचा बाजार आहे, आपण देशात बंद केला तर लोक आता दुसऱ्या देशातल्या गरीब बाईकडे चाललेत, थांबवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की मूल होणं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे, सरकारनं नाक खुपसू नये. दोन्ही बाजू तळमळीनं बोलत होत्या आणि दोघांच्याही बोलण्यात दम होता, पण पूर्ण दोन तासात कोणीच हे विचारलं नाही की जे बाळ तिकडे ऑलरेडी जन्मलंय त्याचं काय. ते कोणाचं मूल, कोणत्या देशाचं नागरिक, त्याला पासपोर्ट कोण देणार? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. परदेशी सरोगसी चांगली की वाईट यावर तुमचं मत काहीही असू द्या, बंदी घाला नाहीतर परवानगी द्या, पण जन्मलेल्या मुलाचं पालकत्व आणि नागरिकत्व हे त्या वादापासून वेगळं काढून कायद्यात लिहून ठेवलंच पाहिजे, आणि आज आपल्या कायद्यात ते लिहिलेलं नाही. मोठ्यांना शिक्षा करायची असेल तर मोठ्यांना करा, बाळाचे कागद अडवून ती शिक्षा वसूल करू नका.

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की जन्मदाखला मिळाला म्हणजे विषय संपला. मलाही रोज लोक हेच विचारतात, वकीलसाहेब दाखल्यावर आमचं नाव आहे ना मग प्रॉब्लेम काय. माझ्याकडे आलेली एक फाईल सांगतो, नाव-गाव-देश सगळं सोडून. त्यात परदेशातला जन्मदाखला होता, त्यावर गोल शिक्का, मागे अपोस्टिल म्हणजे कागद दुसऱ्या देशात अस्सल धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, सोबत इंग्रजी भाषांतर, आणि आई-वडिलांच्या रकान्यात दोन अस्सल नागपुरी नावं. त्याच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर डिलिव्हरी झालेल्या पेशंटचं नाव एका परदेशी बाईचं, वय २६. दोन्ही कागद खरे, दोन्हीवर सही-शिक्का, आणि दोन्ही एकाच बाळाबद्दल. आता दूतावासातला अधिकारी हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवणार आणि विचारणार की आई नेमकी कोण, तर त्याचं काय चुकलं? जन्मदाखला हा त्या देशानं त्यांच्या कायद्याप्रमाणे केलेल्या नोंदीचा पुरावा असतो, दुसऱ्या देशाला तो आपोआप बांधून ठेवत नाही. काही देशांचा कायदा म्हणतो ज्यांनी करार केला ते आई-बाप, काही देशांचा म्हणतो जिनं जन्म दिला तीच आई, आणि तिचं लग्न झालेलं असेल तर तिचा नवरा बाप. बाळ या दोन कायद्यांच्या मधे सापडतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण २००८ सालचं इंग्लंडच्या हायकोर्टातलं आहे. एक ब्रिटिश जोडपं, युक्रेनमधली सरोगेट, तिला जुळी झाली. बीज डोनरचं होतं आणि शुक्राणू ब्रिटिश नवऱ्याचे. युक्रेनचा कायदा म्हणाला हे जोडपंच आई-बाप, सरोगेटचा आता संबंध नाही, म्हणून ही मुलं युक्रेनची नागरिक नाहीत. ब्रिटनचा कायदा म्हणाला जिनं जन्म दिला ती आई, आणि ती विवाहित आहे म्हणून तिचा नवरा कायद्यानं बाप, म्हणजे ज्याचं रक्त होतं तो ब्रिटिश माणूस कायद्यानं बापच नाही, म्हणून ही मुलं ब्रिटिश नागरिकही नाहीत. बघा, दोन्ही देश आपापल्या जागी कायद्याला धरूनच बोलत होते, कोणी लबाडी केली नव्हती, आणि तरी दोन तान्ही मुलं ना युक्रेनची ना ब्रिटनची, ना कोणी आई ना कोणी बाप. न्यायमूर्ती हेडली यांनी निकालात लिहिलं की ही मुलं अडकून पडलेली, देश नसलेली आणि पालक नसलेली आहेत. शेवटी डीएनए टेस्ट झाली, नियमाबाहेर जाऊन खास परवानगीनं मुलांना ब्रिटनमध्ये येऊ दिलं आणि मग कोर्टानं पॅरेंटल ऑर्डर दिली, म्हणजे हे जोडपंच कायद्यानं आई-बाप असा आदेश.

आता कोणी म्हणेल हे गोऱ्यांचे प्रश्न, आपल्याला काय. तर हे प्रश्न जगाला समजले ते मोठ्या प्रमाणात आपल्याच देशामुळे. त्याच २००८ साली गुजरातमधल्या आणंदला बेबी मंजीचा जन्म झाला. जपानी जोडप्यानं करार केला होता, पण बाळ जन्मायच्या आधीच त्यांचा घटस्फोट झाला, बायकोनं अंग काढून घेतलं, बीज तिसऱ्याच अनामिक बाईचं होतं, आणि सरोगेटचं काम करारानुसार संपलं होतं. म्हणजे आई म्हणता येतील अशा तीन बायका आणि कायद्यानं एकही नाही. वडिलांना बाळ हवं होतं, पण जपान पासपोर्ट देईना कारण त्यांच्या कायद्यात जन्म देणारी तीच आई, आणि भारताचा पासपोर्ट निघेना कारण दाखल्यावर आईचं नाव काय टाकायचं तेच कळेना. आजी जपानहून येऊन नातीला घेऊन बसली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी बाळाला पासपोर्टऐवजी एक ओळखपत्र देऊन, जपाननं मानवतेच्या आधारावर एक वर्षाचा व्हिसा देऊन ते सुटलं. त्याच आणंदमध्ये त्याच वर्षी जानेवारीत एका जर्मन माणसाची जुळी मुलं जन्मली होती. जर्मनीत सरोगसी चालत नाही, त्यांनी हात वर केले. गुजरात हायकोर्टानं नोव्हेंबर २००९ मध्ये, यान बालाझ विरुद्ध आणंद नगरपालिका या केसमध्ये म्हटलं की जन्म देणारी भारतीय बाई हीच आई, म्हणून मुलं भारतीय नागरिक. केंद्र सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, म्हणजे आपल्याच सरकारला ही मुलं आपली नको होती आणि जर्मनीलाही नको होती. अखेर दत्तक प्रक्रियेतून मार्ग काढावा लागला आणि २०१० मध्ये, मुलं दोन वर्षांची झाल्यावर, ती आई-बापाच्या देशात पोचली.

या दोन केसेसनंतर भारत सरकारनं काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण माझा अर्धा मुद्दा तिथेच आहे. २०१२ मध्ये गृह मंत्रालयानं नियम काढला की सरोगसीसाठी येणाऱ्या परदेशी जोडप्यानं टुरिस्ट व्हिसावर यायचं नाही, मेडिकल व्हिसा घ्यायचा, आणि त्यासाठी आपल्या देशाच्या दूतावासाचं किंवा परराष्ट्र खात्याचं पत्र आणायचं की आमचा देश सरोगसी मान्य करतो आणि जन्मणाऱ्या बाळाला त्यांचं मूल म्हणून आत येऊ देईल. थोडक्यात, आधी कागद मग गर्भ. अगदी योग्य नियम होता. पुढे २०१५ मध्ये परदेशी लोकांसाठी सरोगसी पूर्ण बंदच केली, मग २०२१ चा सरोगसी कायदा आला, तो जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि त्यानं पैसे देऊन होणारी सरोगसी बंद केली. आता फक्त निःस्वार्थ सरोगसी, ती पण ठराविक वयाच्या विवाहित जोडप्याला, किंवा ३५ ते ४५ वयाच्या विधवा नाहीतर घटस्फोटित बाईला. बाकीचे सगळे बाहेर. आणि जे बाहेर राहिले त्यातले ज्यांच्याकडे पैसा आहे ते परदेशी चाललेत. जे २००८ मध्ये जर्मन-जपानी लोकांचं होतं ते आता आपलं झालंय, प्रवासाची दिशा उलटली एवढाच फरक. मग जो कागद आपण २०१२ मध्ये जर्मनीकडे आणि जपानकडे मागत होतो, तो कागद आज आपल्याकडे दुसऱ्या कोणी मागितला तर आपण देऊ शकतो का? नाही देऊ शकत, कारण आपल्या कायद्यात तो कागद देणारी तरतूद, देणारा अधिकारी, देण्याचे निकष यातलं काहीच नाही.

हे हवेत वाटू नये म्हणून एक केस शेवटपर्यंत नेऊन बघू. समजा नागपूरच्या मनीषनगरमधलं एक जोडपं आहे. पहिल्या बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, जीव वाचवायला बाईचं गर्भाशय काढावं लागलं. पहिली मुलगी आता १२ वर्षांची, धडधाकट. त्यांना दुसरं मूल हवंय. आपला कायदा म्हणतो आधीचं मूल हयात असेल तर सरोगसी नाही, अपवाद फक्त ते मूल दिव्यांग किंवा जीवघेण्या आजाराचं असेल तर. म्हणून ते जॉर्जियाला, तिबिलिसीला जातात, जिथे १९९७ पासून सरोगसी कायदेशीर आहे आणि करार करणारं जोडपंच आई-बाप म्हणून नोंदवलं जातं. बाई ४२ वर्षांची असल्यानं तिचं बीज चालत नाही, डोनर एग घेतलं जातं, शुक्राणू नवऱ्याचे. बाळ जन्मतं. जॉर्जियाचा दाखला मिळतो, दोघांची नावं, एकदम छान. आता घरी यायचंय. बाळाकडे पासपोर्ट नाही, म्हणून विमानात चढता येत नाही. पासपोर्ट किंवा निदान एकदाच घरी परतण्यापुरतं मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट हवं तर बाळ भारतीय नागरिक आहे हे आधी ठरायला हवं.

नागरिकत्व कायद्याचं कलम ४ म्हणतं की परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यापैकी एक जरी भारतीय असला तरी ते मूल वंशानं भारतीय नागरिक होतं, पण जन्मापासून एका वर्षात भारतीय दूतावासात नोंदणी करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-बापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. वाचायला सोपं आहे. पण या कलमातला पालक म्हणजे कोण? सरोगसीच्या बाबतीत कायदा त्यावर गप्प आहे. जन्म देणारी म्हणाल तर ती जॉर्जियन बाई. जीन्स म्हणाल तर मनीषनगरच्या बाईचा संबंध नाही, कारण बीज तिचं नाही. तिच्या बाजूनं आपल्याकडे एक आधार आहे, २०१५ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं सरोगसीतून आई झालेल्या बाईला प्रसूती रजा नाकारता येणार नाही असं म्हटलं होतं, पण तो निकाल नोकरीतल्या रजेचा, नागरिकत्वाचा नाही. बरं मग नवऱ्याकडे वळू, डीएनए तर त्याचंच आहे. पण सरोगेट विवाहित असेल तर? आपला पुरावा कायदा, जुनं कलम ११२, नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६, म्हणतो की लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल हे त्या नवऱ्याचंच, आणि हे गृहीतक मोडायला त्या काळात नवरा-बायकोचा संबंधच शक्य नव्हता हे दाखवावं लागतं. विदर्भातूनच गेलेल्या एका प्रकरणात २०१४ साली सुप्रीम कोर्टानं डीएनए रिपोर्टला या गृहीतकापेक्षा वर ठेवलं, पण त्यानंतरच्या निकालांत कोर्ट पुन्हा गृहीतकाच्या बाजूनं झुकलेलं दिसतं. म्हणजे दूतावासातल्या माणसाकडे पक्का नियम नाही. तो चांगला असेल तर डीएनए टेस्ट करून घेईल आणि काम करेल, घाबरट असेल तर दिल्लीला लिहील, आणि दिल्लीहून उत्तर येईपर्यंत हे जोडपं तिबिलिसीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये तान्हं बाळ घेऊन बसेल, इकडे १२ वर्षांची मुलगी आजीकडे. बाळाचं नशीब त्या खुर्चीवर कोण बसलाय यावर ठरणार. याला कायद्याचं राज्य म्हणायचं का?

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे की जॉर्जियानं यात आपल्यापेक्षा पुढचा विचार केलाय, त्यांच्या नागरिकत्व कायद्यात सरोगसीनं तिथे जन्मलेल्या आणि आई-बापाच्या देशानं न स्वीकारलेल्या मुलासाठी जाळी आहे, असं मूल अगदीच देशहीन राहू नये म्हणून. पण ती जाळी वापरली तर काय होतं? बाळाला तिकडचा पासपोर्ट मिळाला की कलम ४ मधलं ते लिहून देणं, की दुसरा पासपोर्ट नाही, ते खोटं ठरतं. अमेरिकेत जाणाऱ्यांचंही तसंच होतं, तिथे जन्मानं नागरिकत्व मिळत आलंय म्हणून लोक घाईत बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढून घरी येतात, मग नागपूरच्या घरात एक सख्खी बहीण भारतीय आणि भाऊ परदेशी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर राहणारा. आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वावरच गदा आणणारा आदेश काढला, खालच्या कोर्टांनी तो अडवला ती गोष्ट वेगळी, पण दुसऱ्या देशाच्या औदार्यावर आपल्या मुलांचा हिशोब ठेवता येत नाही हे त्यातून दिसतंच.

आता विरोधी बाजू. सगळ्यात तगडा मुद्दा हा की तुम्ही मुलाला सहज मान्यता देणार असाल तर देशातल्या बंदीला अर्थ काय राहिला? पैसेवाला जाईल, जे इथे गुन्हा आहे ते तिथे करेल, बाळ घेऊन येईल आणि कोर्टाला म्हणेल आता काय करता करा. हा मुद्दा मी हलका मानत नाही. त्या ब्रिटिश केसमध्येही न्यायमूर्तींना हेच टोचलं होतं. सरोगेटला दरमहा २३५ युरो आणि वर एकरकमी २५,००० युरो दिले होते, ब्रिटिश कायद्यात फक्त वाजवी खर्च चालतो, पण बाळं समोर असताना पैसे जास्त दिले म्हणून पालकत्व नाकारायचं कसं? त्यांनी सांगितलं की कोर्टाकडे प्रकरण येतं तेव्हा उशीर झालेला असतो आणि मुलांचं हित बघितलं तर नाही म्हणणं जवळपास अशक्य होतं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? बाळ जन्मल्यावर कागद अडवून बंदी पाळली जात नाही हाच. कारण शेवटी कोर्ट द्यायचं ते देतंच, फक्त मधले महिने नाहीतर वर्षं बाळ भोगतं. म्हणजे वचक मोठ्यांवर बसत नाही आणि त्रास मात्र लहानाला होतो. वचक बसवायचा तर तो जन्माच्या आधी बसवा, इथे बसून परदेशी पॅकेज विकणाऱ्या एजंटावर बसवा, जोडप्याला दंड करा. इटलीनं २०२४ मध्ये परदेशात जाऊन केलेल्या सरोगसीलाही गुन्हा ठरवलं, कैद आणि १० लाख युरोपर्यंत दंड. मला तो कायदा फार कठोर वाटतो, पण निदान त्यात गुन्हेगार म्हणून मोठ्या माणसाचं नाव आहे.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१४ मध्ये मेनेसन विरुद्ध फ्रान्स या केसमध्ये हाच भेद फार नेमका केला. कॅलिफोर्नियात २००० साली सरोगेटकडून झालेल्या जुळ्या मुली, फ्रान्स त्यांचं पालकत्व नोंदवून घेईना कारण फ्रान्समध्ये सरोगसीला बंदी. कोर्ट म्हणालं की आई-बापांच्या हक्काचा भंग झालेला नाही, फ्रान्सला आपली बंदी ठेवायचा अधिकार आहे, पण मुलींच्या हक्काचा भंग झालाय, कारण आपण कोण आणि कोणाच्या हा त्यांच्या ओळखीचा भाग आहे आणि तो बाप रक्ताचा असूनही नाकारला गेलाय. एकाच निकालात एकाच घरातल्या चार माणसांपैकी दोघांना नाही आणि दोघींना हो. धंतोलीतल्या त्या हॉलमध्ये हाच भेद मला हवा होता.

आणि हे आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा समाजाचा युक्तिवाद हाच नव्हता का, की विधवेच्या मुलाला आसरा दिला तर अनीतीला प्रोत्साहन मिळेल? म्हणजे मोठ्यांच्या वागण्यावर धाक म्हणून बाळाचा जीव तारण ठेवायचा. फुल्यांनी तो धाक झुगारला, तिथे जन्मलेल्या यशवंतला स्वतःचा मुलगा करून घेतलं. पुढे कायदाही त्याच वाटेनं आला. हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ बघा, बेकायदा दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्द, करणाऱ्यावर गुन्हाही, पण त्यातून झालेलं मूल औरस. १९७६ मध्ये ते कलम आणखी रुंद केलं, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मुलांचा आई-बापाच्या मालमत्तेतला हक्क, अगदी एकत्र कुटुंबातल्या बापाच्या वाट्यापर्यंत, मान्य केला. कलम १६ मुळे दुसरी लग्नं कायदेशीर झाली का? नाही झाली. बंदी आहे तशी आहे आणि मूलही सुरक्षित आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे गेली कित्येक वर्षं आपण रोज कोर्टात बघतोय, मग सरोगसीच्या बाळाबद्दलच एवढी शंका का?

दुसरा आक्षेप शोषणाचा. तिकडची बाई गरीब आहे, कर्जात आहे, तिला भाषा कळत नाही अशा करारावर सही करते. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण एक विचार करा, बाळाला पालक नाकारून त्या बाईचं कोणतं भलं होतं? उलट बाळ कायद्यानं तिच्याच गळ्यात पडतं, जिला ते नको होतं, परवडणारही नव्हतं. बालाझ केसमध्ये हायकोर्टानं सरोगेटला आई ठरवलं ते मुलांना पासपोर्ट मिळावा म्हणून, त्या बाईला ती मुलं वाढवायची होती म्हणून नाही. बाईचं रक्षण करायचं असेल तर तिची संमती खरी आहे का हे तपासा. ब्रिटनमध्ये नियम आहे की बाळंतपणानंतर सहा आठवडे होईपर्यंत सरोगेटनं दिलेली संमती चालतच नाही. डिलिव्हरीनंतर दोन तासात, टाके ओले असताना घेतलेल्या सहीला किंमत नाही. हे आपण मान्यतेची अट म्हणून घातलं तर त्या बाईला आज कोणीच देत नाही ते संरक्षण मिळेल, कारण मग जोडप्यालाच तिची खरी संमती मिळवण्याची गरज पडेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, तो मुलांच्या तस्करीचा. सरोगसीच्या नावाखाली कोणी विकत घेतलेलं मूल आणलं तर? थायलंडमध्ये एका श्रीमंत जपानी माणसानं सरोगेटकडून डझनापेक्षा जास्त मुलं जन्माला घातली आणि २०१८ मध्ये तिथल्या कोर्टानं त्यातल्या १३ मुलांचा ताबा त्याला दिला, डीएनए त्याचंच होतं म्हणून. आणि इटलीच्या पॅराडिसो केसमध्ये रशियातून आणलेल्या बाळाचं जोडप्यातल्या कोणाशीच रक्ताचं नातं निघालं नाही, इटलीनं बाळ काढून दुसरीकडे दत्तक दिलं, आणि २०१७ मध्ये युरोपीय कोर्टाच्या मोठ्या पीठानं इटलीला दोष दिला नाही. म्हणून मी सरसकट मान्यता द्या म्हणत नाही. डीएनएचा धागा हवाच, आणि जिथे धागाच नाही तिथे जोडप्यानं दत्तक प्रक्रियेतूनच जावं, बालकल्याणाची सगळी चौकशी होऊन. पण ही चाळणी लावायची असेल तर आधी ती चाळणी कायद्यात असली पाहिजे ना, आज ना चाळणी आहे ना दरवाजा.

आपण हे आधी एकदा केलंय. सत्तर-ऐंशीच्या दशकात भारतातून मुलं परदेशी दत्तक जात तेव्हा कसलाही धरबंध नव्हता, एजन्स्या पैसे घेत, तिकडे गेल्यावर मुलाचं काय झालं हे कोणी विचारत नसे. १९८२ मध्ये एका वकिलानं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, लक्ष्मीकांत पांडे यांचं ते पत्र, आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं पूर्ण पद्धत घालून दिली. तेव्हाही बंदी की मोकळीक असाच वाद होता. कोर्टानं विचारलं की मूल इथून निघायच्या आधी काय काय ठरलेलं असलं पाहिजे. घेणाऱ्या कुटुंबाची चौकशी तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेनं केलेली हवी, तो देश मुलाला आत घेणार हे आधी माहीत हवं. पुढे दत्तकाचं काम बघणारी कारा ही सरकारी संस्था आली, १९९३ चा हेग दत्तक करार आला, त्यातही घेणाऱ्या देशानं मूल कायमचं राहू शकेल हे आधी सांगायचं असा नियम आहे, आणि भारतानं तो २००३ मध्ये स्वीकारला. गैरप्रकार शून्य झाले का? नाही. पण दत्तक गेलेलं मूल विमानतळावर देशहीन सापडलं असं आता सहसा होत नाही. सरोगसीसाठी असा करार अजून नाही, असे करार घडवणाऱ्या देशोदेशींच्या हेग परिषदेत कित्येक वर्षं त्यावर काम चाललंय, २०२३ पासून तिथे कार्यगट बसतोय. भारत त्या परिषदेचा सदस्य आहे. पण देश आपसात सहमत होतील तेव्हा होतील, कारण फ्रान्स-इटलीला सरोगसीचा शब्दही नको आणि अमेरिकेतल्या राज्यांत ती उघड चालते, तोपर्यंत थांबून चालणार नाही.

मग आपल्या कायद्यात काय हवं? गंमत म्हणजे २०२१ च्या कायद्याचं कलम ७ म्हणतं की सरोगसीतून झालेलं मूल जोडप्यानं टाकून द्यायचं नाही, भारतात असो किंवा भारताबाहेर. म्हणजे संसदेला भारताबाहेर ही जागा माहीत आहे, जबाबदारी टाकताना ती आठवली आणि हक्क देताना विसरली. कलम ८ म्हणतं की सरोगसीचं मूल हे जोडप्याचं स्वतःचंच मूल मानलं जाईल आणि त्याला सगळे हक्क मिळतील. मग परदेशात झालेल्या मुलाला हे लागू आहे की नाही हे एका वाक्यात स्पष्ट करा. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहा की सरोगसीच्या बाबतीत जोडप्यातल्या ज्याचं डीएनए जुळतं तो पालक धरला जाईल, कलम ११६ च्या गृहीतकाचा त्याला अडथळा येणार नाही. दूतावासानं नमुना स्वतःसमोर घ्यायचा, ठरवून दिलेल्या लॅबला पाठवायचा, रिपोर्ट जुळला की ठराविक दिवसांत, माझ्या मते ३० दिवस पुरेत, नोंदणी करून प्रवासाचा कागद द्यायचा. सरोगेटची संमती सहा आठवड्यांनी, तिच्या भाषेत, क्लिनिकचा माणूस समोर नसताना नोंदवायची. ती यायच्या आत बाळाला प्रवास करू द्यायचा नाही, पण त्याचं नागरिकत्वही टांगून ठेवायचं नाही, ते डीएनएवर ठरून गेलेलं असेल. दुसऱ्या पालकासाठी, म्हणजे मनीषनगरच्या त्या बाईसाठी, भारतात आल्यावर जिल्हा न्यायालयात सोपा अर्ज, जिथे तपासायचं एवढंच की बाळ खरोखर तिच्या घरात वाढतंय. युरोपीय कोर्टानंही २०१९ मध्ये फ्रान्सला हेच सांगितलं होतं, की रक्ताचं नातं नसलेल्या आईसाठी काहीतरी मार्ग हवाच, मग तो दत्तकाचा का असेना, फक्त तो लवकर आणि खात्रीनं मिळणारा हवा.

आणि त्या जोडप्यानं भारतीय कायदा मोडला असेल तर? तर त्यांच्यावर खटला चालवा. वेगळ्या कोर्टात, वेगळ्या फाईलमध्ये, बाळ घरी पोचल्यावर. कायद्यात दंड आहे, कैदही आहे, ती परदेशात केलेल्या कृत्याला लागू करायची असेल तर संसदेनं तसं लिहावं आणि आपण त्यावर भांडू, मी स्वतः विरोधात बोलेन. पण बाळाच्या पासपोर्टच्या अर्जावर त्या खटल्याचा नंबर लिहायची मुभा कोणत्याही अधिकाऱ्याला असू नये. हे सगळं करायला नवीन कायदा लागत नाही, कलम ४ ला एक स्पष्टीकरण आणि सरोगसी नियमांत एक प्रकरण जोडलं तरी भागतं, आणि तोपर्यंत परराष्ट्र मंत्रालय सगळ्या दूतावासांना एक परिपत्रक काढू शकतं की डीएनए जुळत असेल तर नोंदणी अडवू नका.